लाल न दिसणारा सनबर्न

मे-जूनमध्ये लेहच्या बाजारात फिरताना मराठी कानावर पडली नाही, असा दिवस विरळाच. पुण्या-ठाण्या-नाशिकचे गट सकाळी गाड्यांतून खारदुंगला खिंडीकडे निघतात. वर बोचरी थंडी असते, म्हणून जाड जाकीट, हातमोजे, कानटोपी असा सगळा जामानिमा असतो आणि चेहरा तेवढा उघडा राहतो. बर्फात फोटो काढण्यात तासभर सहज जातो. संध्याकाळी हॉटेलात तोंड धुताना मात्र साबण गालांना झोंबतो, कपाळ ताणल्यासारखं वाटतं, नाकाचा शेंडा हुळहुळतो. ‘वारा लागला’ असं निदान होतं आणि कोणीतरी पिशवीतून व्हॅसलीनची डबी काढतं. चौथ्या दिवशी नाकाची सालं निघू लागतात. घरी परतल्यावर शेजारीपाजारी म्हणतात, ‘अगं बाई, किती काळवंडलात!’

हा सरळसरळ सनबर्न आहे, फक्त त्याला तसं कोणी म्हटलेलं नसतं. वाऱ्याने त्वचा कोरडी पडते हे खरं. पण जळजळ, हुळहुळ, नंतर साल निघणं आणि त्याच जागी काळपटपणा हा क्रम उन्हाचाच. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे आणि दर हजार मीटर चढल्यावर अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. शिवाय ताजा बर्फ अंगावर पडलेल्या अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो. त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही भाजतं, जिथे एरवी ऊन पोचतच नाही. हवा गार असल्याने त्वचा तापल्याची जाणीव होत नाही. उकाडा आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुडाळच्या घामट दुपारी नाही कळलं तरी लेहच्या थंडीत कळतं. निदान कळायला हवं.

ते कळत नाही, याचं एक कारण सनबर्नच्या चित्रात आहे. पुस्तकांत, माहितीपत्रकांत, सिनेमात सनबर्न झालेला माणूस गोरा असतो आणि त्याची पाठ लालभडक असते. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेत रक्तवाहिन्या तितक्याच फुगतात, पण वरच्या मेलॅनिनमुळे ती लाली झाकली जाते. फार तर त्वचा तांबूस-जांभळट किंवा नेहमीपेक्षा गडद दिसते. आरशात लाल काही दिसत नाही, म्हणून माणूस दुसऱ्या दिवशीही तसाच उन्हात जातो.

वैद्यकशास्त्राची वर्गवारीही सुरुवातीला गोऱ्यांपुरतीच होती. हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार ठरवले, ते सोरायसिसच्या रुग्णांना प्रकाशोपचाराचा किती डोस द्यायचा हे काढण्यासाठी. त्यात चार प्रकार होते. तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडला गेला. बहुतेक भारतीय चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतात. या वर्गवारीचा आधार म्हणजे माणसाला विचारलेला प्रश्न: तुम्ही उन्हाने भाजता का? ज्याने भाजणं म्हणजे लाल होणं असंच धरलेलं असतं, तो सावळा माणूस मनापासून उत्तर देतो, ‘छे, कधीच नाही.’

मेलॅनिन संरक्षण देतं, यात वाद नाही. सगळ्या वंशांच्या माणसांमध्ये मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो त्या पेशी तयार करत असलेल्या रंगकणांत. गडद त्वचेत हे कण मोठे असतात, सुटे सुटे पसरतात आणि पेशीकेंद्रावर छत्री धरावी तसे जमून आतल्या डीएनएवर सावली करतात. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात कृष्णवर्णीयांच्या वरच्या त्वचेतून सुमारे ७ टक्के यूव्हीबी किरण आत गेले, तर गोऱ्यांच्या त्वचेतून सुमारे २४ टक्के. कृष्णवर्णीय त्वचेचं हे नैसर्गिक संरक्षण एसपीएफच्या भाषेत १३ च्या आसपास भरलं. भारतीय त्वचा बहुतेक वेळा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी येते. ‘आपल्याला काय होतंय’ म्हणून निर्धास्त राहावं इतकं हे कवच जाड नाही.

मग ओळखायचं कसं? डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवावा. उन्हात राहिलेल्या जागेवर हाताची मागची बाजू टेकवावी आणि कपड्याखालच्या किंवा घड्याळाच्या पट्ट्याखालच्या जागेशी ताडून पाहावं. भाजलेली जागा गरम लागते, दाबल्यावर दुखते, ताणल्यासारखी वाटते, कधी खाजते. वेळेचंही भान हवं. उन्हात असताना फारसं काही वाटत नाही. त्रास तीन ते सहा तासांनी सुरू होतो आणि बारा ते चोवीस तासांत कळस गाठतो. सकाळी अकराला खिंडीत उभ्या राहिलेल्या माणसाला संध्याकाळी ‘थोडंसं’ झोंबत असेल, तर खरं दुखणं अजून यायचं आहे, असं समजावं.

प्रथमोपचार त्या संध्याकाळीच सुरू व्हायला हवा. पहिली गोष्ट गारवा. स्वच्छ सुती कापड किंवा टॉवेल नळाच्या गार पाण्यात बुडवून पिळायचा आणि दहा-पंधरा मिनिटं त्या जागेवर ठेवायचा. रात्रीपर्यंत हे तीन-चारदा करावं. अंग जास्त भाजलं असेल तर गार पाण्याने अंघोळ करावी, पण साबण घासू नये. बर्फ थेट लावू नये, कारण आधीच दुखावलेल्या त्वचेला बर्फाची इजा वेगळी होते. पाणी टिपून घ्यावं आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर, कॅलामाइन किंवा कोरफडीचा बिनसुगंधी जेल लावावा. व्हॅसलीन, खोबरेल तेल किंवा तूप पहिल्या दिवशी नको. तेलकट थर उष्णता कोंडून धरतो.

दुखणं जास्त असेल तर पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेनने सूजही कमी होते, पण ज्यांना पोटाचा अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी ती गोळी घेऊ नये, आणि इतरांनीही उपाशीपोटी घेऊ नये. पाणी, ताक, सरबत भरपूर प्यावं, कारण भाजलेल्या त्वचेतून पाणी जास्त उडतं. फोड आले तर ते फोडू नयेत. फोडाखालची नवी त्वचा जंतूंपासून वाचवणारं तेच उत्तम झाकण आहे. आपोआप फुटलाच, तर सौम्य साबण-पाण्याने धुऊन व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा आणि वर न चिकटणारी पट्टी बांधावी. आता इथे व्हॅसलीन चालतं, कारण जखम ओलसर राहिली की लवकर भरते.

डॉक्टरांकडे कधी जायचं? चेहऱ्यावर किंवा अंगाच्या मोठ्या भागावर फोड आले, फोडांत पू दिसला, ताप आणि हुडहुडी भरली, उलट्या सुरू झाल्या किंवा भाजलेलं मूल वर्षाच्या आतलं असलं, तर वाट पाहू नये. माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याची शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात असू शकतो. मग क्रीम-बिम बाजूला ठेवून अंगावर पाणी ओतत १०८ ला फोन करायचा.

सावळ्या त्वचेच्या प्रथमोपचारात आणखी एक काम असतं आणि गोऱ्यांसाठी लिहिलेल्या सूचनांत त्यावर फारसा भर नसतो. आपल्या त्वचेला कुठलीही इजा झाली, दाह झाला, की ती जागा बरी होताना गडद डाग सोडते. तो डाग महिनोन्‌महिने राहतो. म्हणून सनबर्न झाल्यावर त्वचेला दुसरी इजा होऊ न देणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं. नेमकं इथे आपल्या घरांत उलटं घडतं. ‘टॅन काढायचा’ म्हणून दुसऱ्याच दिवशी बेसन-हळदीचं उटणं खसखसून चोळलं जातं, लिंबाची फोड फिरवली जाते, ब्यूटी पार्लरमध्ये ब्लीच होतं. लिंबाचा मामला तर गंभीर आहे. त्याच्या रसातली काही द्रव्यं त्वचेवर असताना ऊन लागलं, तर तिथे रासायनिक भाजणूक होते, फोड येतात आणि मागे काळे ओघळ राहतात. निघणारी सालं ओढू नयेत, ती आपली आपण गळतात.

दुसरा धोका औषधाच्या दुकानात असतो. काउंटरवर ‘चेहरा काळा पडलाय, काहीतरी द्या’ म्हटलं की जी नळी हातात येते, तिच्यात अनेकदा तीव्र स्टेरॉइड असतं. आठवडाभर चेहरा उजळल्यासारखा दिसतो. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येतं आणि ऊन मुळीच सोसवत नाही. नळी बंद केली की चेहऱ्याची आग होते, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. अशी क्रीम्स चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम २०१८ मध्ये केंद्र सरकारने केला. तो किती पाळला जातो, हे कोणत्याही त्वचारोगतज्ज्ञाच्या बाहेरच्या रांगेत बसलं की दिसतं.

सनबर्न आठवड्याभरात विसरला जातो. पण ऊन मागे काय ठेवतं, हे समजायला किरणांचे दोन प्रकार लक्षात घ्यावे लागतात. भाजतं ते मुख्यतः यूव्हीबीने. ते किरण दुपारी तीव्र असतात आणि काच त्यांना अडवते. यूव्हीए मात्र दिवसभर असतात, त्वचेत खोल जातात आणि साध्या काचेतून आरपार येतात. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला. त्याने २८ वर्षं मालाची गाडी चालवली होती. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला साजेशी, तर खिडकीकडची डावी बाजू जाड, खोल सुरकुत्यांची, लोंबणारी. बंद काचेतूनही यूव्हीए येत राहिले होते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे आपल्या एसटी आणि ट्रकचालकांना उजवा गाल आणि उजवा हात जपायला हवा. तो अमेरिकन गोरा होता, म्हणून सुरकुत्या ठळक आल्या. सावळ्या त्वचेत सुरकुत्या उशिरा येतात, पण डाग आधी येतात.

त्या डागांतला सगळ्यांत चिवट प्रकार म्हणजे वांग. दोन्ही गालांवर, कपाळावर, ओठांच्या वर तपकिरी नकाशासारखा पसरणारा. गरोदरपण, संप्रेरकांच्या गोळ्या, घराण्यातला कल अशी त्याची कारणं आहेत, पण त्याला सतत खतपाणी घालतं ते ऊन. वांगावर महिनाभर उपचार घेऊन उजळलेला चेहरा एका सुट्टीत पूर्ववत होतो, ही त्वचारोगतज्ज्ञांची रोजची तक्रार. ‘डॉक्टर, सनस्क्रीन तर रोज लावते हो’, ही पेशंटची. दोघंही खरं बोलत असतात.

हे कोडं सुटायला २०१० साल उजाडलं. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी स्वयंसेवकांच्या त्वचेवर अतिनील किरण वगळून केवळ दृश्य प्रकाश टाकला, म्हणजे डोळ्यांना दिसतो तोच उजेड. गोऱ्या स्वयंसेवकांची त्वचा काळवंडली नाही. चौथ्या ते सहाव्या प्रकारच्या त्वचेवर मात्र गडद डाग उमटले आणि ते बराच काळ टिकले. पुढच्या संशोधनात कळलं की दृश्य प्रकाशातला जांभळा-निळा भाग मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींना थेट चेतवतो. सर्वसाधारण सनस्क्रीन अतिनील किरण अडवतं, दृश्य प्रकाश त्यातून सरळ आत जातो. ते साहजिकच आहे. जे क्रीम लावल्यावर दिसत नाही, त्यातून दिसणारा उजेड जातच असणार!

उपाय सापडला तो रंगात. आयर्न ऑक्साइड म्हणजे लोखंडाचे तांबडे, पिवळे आणि काळे ऑक्साइड. गेरूला लाली येते ती त्यातल्याच एकामुळे. ते निळा-जांभळा प्रकाश अडवतात. मेक्सिकोत २०१४ मध्ये वांग असलेल्या रुग्णांवर आठ आठवड्यांचा अभ्यास झाला. सर्वांना एकच औषध दिलं. निम्म्यांना फक्त अतिनील किरण अडवणारं सनस्क्रीन मिळालं, निम्म्यांना आयर्न ऑक्साइड घातलेलं. दुसऱ्या गटाचे डाग जास्त उजळले. म्हणून सावळ्या त्वचेच्या, विशेषतः वांगाचा त्रास असलेल्या व्यक्तीने सनस्क्रीन घेताना ‘टिंटेड’, म्हणजे त्वचेच्या रंगाचं, घ्यावं. नळीवरच्या घटकांच्या यादीत आयर्न ऑक्साइड हे नाव किंवा सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हे क्रमांक शोधावेत. ‘टिंटेड’ लिहिलंय आणि यापैकी काहीच नाही, तर ती नळी परत फडताळात ठेवावी. मोबाइलच्या निळ्या प्रकाशाची भीती घालणाऱ्या जाहिराती मात्र सोडून द्याव्यात. पडद्याचा उजेड सूर्याच्या तुलनेत इतका क्षीण असतो की त्याने वांग वाढत नाही.

बाकी निकष थोडके आहेत. एसपीएफचा आकडा यूव्हीबीबद्दल बोलतो. ३० चा एसपीएफ सुमारे ९७ टक्के किरण अडवतो, ५० चा सुमारे ९८. त्याच्या पुढे जाऊन फार काही हाती लागत नाही. यूव्हीएसाठी ‘पीए’ आणि त्यापुढची अधिक चिन्हं पाहावीत. ही जपानी पद्धत. तीन चिन्हं चांगली, चार सर्वोत्तम. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडची क्रीम्स नाजूक त्वचेला मानवतात, पण सावळ्या चेहऱ्यावर राखाडी-पांढुरकी झाक आणतात. त्या झाकेला कंटाळून लोक कमी लावतात, हा त्यांचा खरा तोटा. रंगीत प्रकारात ती झाक उरत नाही, पण आपल्याकडे मिळणाऱ्या छटा पुष्कळदा फिकट असतात. म्हणून जबड्याच्या कडेला थोडं लावून दुकानाबाहेर, दिवसाच्या उजेडात पाहावं. छटा जुळलीच नाही, तर साधं सनस्क्रीन आणि त्यावर आपल्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं फाउंडेशन, असा दुहेरी थर चालतो. रंगीत सनस्क्रीन कॉलरला लागतं, एवढं सोसावं.

आणि मग येतं प्रमाण. बहुतेक सगळ्यांचं घोडं इथेच अडतं. एसपीएफची चाचणी दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतक्या जाड थरावर होते. चेहरा, कान आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत काढलेल्या दोन रेघा लागतात, म्हणजे अंदाजे एक ग्रॅम. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा लावलं तर पन्नास ग्रॅमची नळी पंचवीस दिवसांत संपायला हवी. तीच नळी तीन महिने पुरत असेल, तर चेहऱ्यावर जेमतेम पावपट थर बसतोय आणि झाकणावरचा आकडा चेहऱ्यावर उतरत नाही. उन्हात असताना दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा लावायचं.

हा खर्च सगळ्यांना झेपणारा नाही, हे उघड आहे. विदर्भात कापूस वेचणाऱ्या बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, पुण्यात दुचाकीवरच्या मुली सनकोट आणि स्कार्फ घालतात. दाट विणीचं कापड दृश्य प्रकाशासकट सगळंच अडवतं आणि दोन तासांनी पुसलं जात नाही. रुंद काठाची टोपी आणि छत्री यांनाही तोड नाही. महाराष्ट्रात मे महिन्यात शून्य सावलीचे दिवस येतात, म्हणजे भर माध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर असतो. त्या सुमारास सकाळी दहा ते दुपारी चार ही वेळ टाळता आली तर उत्तम. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडत असेल, तर किरण तीव्र आहेत असं समजावं. पातळ ढगांतूनही बरेचसे अतिनील किरण खाली येतात, तेव्हा आषाढातल्या वारकऱ्यानेही टोपी काढू नये. मुरमांसाठी किंवा लेप्टोच्या भीतीने डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांनी जास्तच जपावं, कारण त्या गोळीने त्वचा उन्हाला हळवी होते.

शेवटी कर्करोग. गडद त्वचेत उन्हामुळे होणारे त्वचेचे कर्करोग गोऱ्यांच्या तुलनेत फार कमी आढळतात, आणि त्या भीतीने सनस्क्रीन विकणं आपल्याकडे गैरलागू आहे. पण मेलॅनोमाचा एक प्रकार तळपाय, तळहात आणि नखाखाली होतो. त्याचा उन्हाशी संबंध नाही आणि तो सनस्क्रीनने टळत नाही. गायक बॉब मार्ले यांना १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्यात हाच कर्करोग सापडला आणि १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, ते वारले. म्हणून महिन्यातून एकदा आपले आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे तळपाय उजेडात पाहा. नखाखाली रुंदावत जाणारी काळी रेघ, तळव्यावर वाढणारा वेड्यावाकड्या कडांचा डाग किंवा न भरणारी जखम दिसली, तर ती चिखल्या किंवा मुका मार समजून सोडून देऊ नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.